"दोन वाढले म्हणून दोन वाढवले": गुणोत्तर-प्रमाणातली परत परत उगवणारी चूक आणि तिच्यावरचा उपाय

लक्षण

सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे अनुभवाचं असेल. गुणोत्तर-प्रमाणाचा पाठ संपतो, घटक चाचणीत वर्गाला चांगले गुण पडतात, आणि दिवाळीनंतर तीच मुलं साध्या उदाहरणात चक्क बेरीज करून बसतात. फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवलं की माना डोलावतात. पंधरा दिवसांनी परत तेच.

मी कोल्हापुरात सातवीला शिकवते. वर्गात मी हे उदाहरण घातलं:

६ माणसांच्या तांबड्या रश्श्याला ९ चमचे कांदा-लसूण चटणी लागते. चव तशीच राहायची असेल तर १० माणसांच्या रश्श्याला किती चमचे?

उत्तर १५. पण वहीत १३ लिहिणारी मुलं इतकी निघाली की आधी मला वाटलं एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. एकाला उभं केलं. "बाई, चार माणसं वाढली की, मग चार चमचे वाढवले." दुसरी म्हणाली, "चमचे माणसांपेक्षा तीननं जास्त आहेत, म्हणून दहाला तेरा." वाटा दोन, मुक्काम एकच. बीजगणितानं पाहिलं तर या दोन्ही वाटांनी नेहमी सारखंच उत्तर येतं, त्यामुळे नुसत्या उत्तरावरून मूल कुठल्या वाटेनं गेलं ते कळत नाही. विचारावंच लागतं.

ही चूक काही आपल्याच पोरांची नाही. रॉबर्ट कार्प्लस हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात मुलांना दोन चित्रातल्या माणसांची उंची मोजायला देत. बुटका ४ बटणं उंच, उंच माणूस ६ बटणं. बुटक्याला पेपरक्लिपांनी मोजलं तर ६ भरतात, मग उंचाला किती? बरोबर उत्तर ९, आणि ठामपणे ८ सांगणारी मुलं भरपूर. तेव्हा "आमच्या वर्गाचा पायाच कच्चा" असं म्हणून स्वतःला किंवा आदल्या इयत्तेच्या बाईंना दोष देऊ नका.

चाचणीत चूक का दिसत नाही

कारण आपले आकडेच तिला लपवतात. "४ माणसांना ६ चमचे, तर ८ माणसांना किती?" असं विचारलं की सगळे १२ म्हणतात. पण हे प्रमाण समजल्याचं लक्षण नाही. ४ आणि ४ आठ, म्हणून ६ आणि ६ बारा, एवढंच ते करतात. दुप्पट-तिप्पट पुन्हा पुन्हा बेरीज करूनही येते. पट पूर्ण संख्येत असेल तोवर बेरजेनं विचार करणारं मूल बिनधास्त पास होतं.

दुसरा आडोसा एकमान पद्धतीचा. पानाच्या डोक्यावर "एकमान पद्धत" लिहिलेलं असेल तर मूल आधी भागतं, मग गुणतं. का ते विचारू नका. मथळा काढून टाका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, आणि उदाहरण भूगोलाच्या तासाला विचारा, मग खरी परिस्थिती कळते.

म्हणून चूक पकडायला आकडे निवडताना मी दोनच गोष्टी बघते. १० ला ६ नं भाग जाऊ नये, आणि ९ लाही ६ नं जाऊ नये. म्हणजे आडवी पट आणि उभी पट, दोन्ही अपूर्णांकात. उत्तर मात्र पूर्ण संख्येत यावं, नाहीतर मूल अपूर्णांकाला घाबरून चुकलं की विचारानं चुकलं ते समजत नाही. ६, ९, १० हे त्रिकूट या कामाला सोन्यासारखं आहे.

शब्दांचं एक पथ्य आहे. "चव तशीच राहायची असेल तर" हे वाक्य उदाहरणात हवंच. पहिल्या वर्षी मी ते लिहिलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "आमची मम्मी जास्त माणसं आली तर पाणी वाढवते, चटणी तेवढीच." त्याचं चुकलं कुठं? चव राखायची अट नसेल तर १३ काय, ९ सुद्धा बरोबर.

तेरा लिहिणारे सगळे एकाच रोगाचे नसतात

हे मला उशिरा कळलं. एका मुलीनं १३ चं कारण असं सांगितलं: "सहा जणांना नऊ चमचे झाले. राहिले चार. त्यांना एकेक." ती पूर्ण बेरजेत अडकलेली नाही. पूर्ण गट ती प्रमाणातच मोजते, फक्त उरलेल्यांसाठी तिच्याकडे पद्धत नाही, म्हणून ती माणशी एक चमचा टाकून मोकळी होते. तिच्यावरचा उपाय सोपा आहे, आणि तिला पहिल्या टोळीत ढकललं तर उगाच वेळ जातो.

या दोन प्रकारच्या मुलांना वेगळं काढायला पुढचा प्रश्न विचारा: तोच रस्सा १५ माणसांना. निव्वळ बेरीज करणारं मूल म्हणेल, नऊ माणसं वाढली, ९ आणि ९ अठरा. गट करून उरलेल्यांना एकेक देणारं मूल म्हणेल, बारा जणांना १८, वर तिघांना तीन, एकवीस. प्रमाण समजलेलं मूल साडेबावीसवर येईल. १८, २१, साडेबावीस: एका प्रश्नात वर्गाच्या तीन रांगा. इथं उत्तर मुद्दाम अपूर्णांकात ठेवलंय, कारण साडेबावीस म्हणायला न घाबरणारं मूल कोण तेही दिसतं.

पहिल्या, दहा माणसांच्या प्रश्नाला कुणी १९ लिहिलं तर त्यानं ९ आणि १० मिळवलेत, तो उदाहरण वाचतच नाही. त्याची गोष्ट वेगळी.

माझा फसलेला प्रयोग

चूक पकडली, आता ती मुलांना पटवायची कशी? मला वाटलं, चवीसारखा पुरावा नाही. रस्सा वर्गात होणार नाही, म्हणून लिंबू सरबत घेतलं. ६ ग्लासांना ९ चमचे साखर, आणि शेजारच्या भांड्यात १० ग्लासांना १३ चमचे. मुलांनी दोन्ही चाखलं. मला अपेक्षा होती की दुसरं आंबट लागेल. पोरं म्हणाली, "बाई, दोन्ही भारी झालंय." एकाला तर तेरावालंच जास्त आवडलं, आणि त्यानं परत मागितलं.

हिशोब घरी येऊन केला. पहिल्यात ग्लासला दीड चमचा, दुसऱ्यात १.३. एवढा फरक जिभेला कुठला कळायला! वर लिंबं लहान-मोठी. म्हणजे मी तास खर्चून मुलांना असं शिकवलं की बाईंचं उत्तर आणि आपलं उत्तर यात तसा काही फरक पडत नाही.

त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चूक पकडायचे आकडे आणि चूक पटवायचे आकडे वेगळे असतात. पकडताना बेरजेचं उत्तर खऱ्याच्या जवळ आणि गोड दिसणारं हवं, म्हणजे मूल निर्धास्तपणे त्यात शिरतं. पटवताना ते उघडंनागडं खोटं दिसायला हवं. पुढच्या वर्षी मी सरबत सोडलं आणि कोकम आगळ घेतलं, कारण रंग डोळ्यांना दिसतो. २ ग्लास पाण्याला ५ चमचे हा नमुना. ७ ग्लासांना किती, हे मुलांनी आधी वहीत लिहिलं. बेरीजवाल्यांचे १० चमचे, प्रमाणवाल्यांचे साडेसतरा. दोन्ही मिश्रणं सारख्या पारदर्शक बाटल्यांत भरून पांढऱ्या कागदासमोर, खिडकीत ठेवली, मधोमध नमुन्याची बाटली. दहा चमचेवाली फिकी गुलाबी, नमुन्याशी जुळतच नाही. चाखायला कुणी मागितलं नाही, बाटल्यांसमोर गर्दी मात्र झाली.

पण रंगानं फक्त "चूक आहे" एवढं कळतं. "का चूक आहे" हे कळत नाही. ते कळलं नाही तर चूक परत उगवते. पुढचा भाग त्यासाठी.

खाली उतरा, शून्यापर्यंत

बेरीजवाल्या मुलाचा नियम मोडून काढायचा नाही. तो पाळायला लावायचा, शेवटपर्यंत. मी फळ्यावर त्याच्याच नियमानं यादी करते. १० माणसांना १३, ६ ला ९, म्हणजे ५ ला ८, ४ ला ७, ३ ला ६. मुलं पटापट सांगतात, मजेत असतात. २ ला ५. १ ला ४. इथं कुणीतरी खुसखुसतं. एका माणसाच्या रश्श्यात चार चमचे चटणी! कोल्हापूरचा गडी झाला म्हणून काय झालं?

मी थांबत नाही. "आणि शून्य माणसांना?"

"तीन."

"जेवायला कोणीच नाही, तरी तीन चमचे?"

आता वर्ग हसतो, आणि ज्यानं नियम सांगितला तो स्वतःच हसतो, हे महत्त्वाचं. त्या तीन चमच्यांना मी "न आलेल्या पाहुण्याचे चमचे" म्हणते. ही माझी आवडती जागा आहे, कारण त्या तीन चमच्यांतच सगळी चूक साठलेली आहे. बेरजेच्या नियमात रश्श्याला सुरुवातीलाच तीन चमचे बसतात, आणि मग माणशी एक.

पण अजून एक पाऊल बाकी असतं, आणि खरं काम तेच करतं. यादीतली ओळ दाखवून विचारायचं: तुमच्या नियमानं तिघांना ६ चमचे ना? मग गॅसवर दोन छोटी पातेली ठेवू. दोन्हींत तिघा-तिघांचा रस्सा. एकूण चटणी किती?

"बारा."

"आणि तीच सहा माणसं एकाच पातेल्यात?"

"नऊ."

शांतता. माणसं तीच, चव तीच, पातेली दोन केल्याबरोबर तीन चमचे जास्त कुठून आले? थोडा वेळ जाऊ द्यावा. माझ्या वर्गात एका मुलानं उत्तर दिलं: "पाहुण्याचे तीन चमचे दोनदा घातले." त्याला मी आजही धन्यवाद देते.

हीच गुरुकिल्ली. बेरजेचा नियम विभागणी सहन करू शकत नाही. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याबरोबर तो न आलेला पाहुणा पुन्हा येतो. प्रमाण मात्र तुकड्यांना भीत नाही: तिघांना साडेचार, दोनदा केलं की नऊच.

आधी उल्लेख केलेल्या मुलीचा, उरलेल्यांना एकेक देणारीचा, उपाय इथंच होतो. ६ ला ९ याचे तीन सारखे भाग कर म्हटलं की २ ला ३ हे तिला सहज येतं. मग १० म्हणजे दोघांचे पाच गट, पाच त्रिक पंधरा. एका माणसापर्यंत उतरून दीड चमच्यात अडकायची गरज नाही. एकमान पद्धत चांगलीच आहे, पण सोयीच्या गटावर थांबणं आचाऱ्याच्या हिशोबाच्या जास्त जवळ जातं.

नकाशा: जिथं चूक परत येते

पाककृतीवर मूल सुधारलं म्हणून पाठ थोपटून घेऊ नका. नकाशावर ते परत घसरतं, आणि त्याला कारण आहे. चमचे आणि माणसं या दोन जाती वेगळ्या आहेत हे डोळ्याला दिसतं. नकाशा मोठा करताना मात्र सेंटीमीटरवरून सेंटीमीटरच येतात, आणि लांबी म्हटलं की मुलाच्या डोक्यात पट्टी येते. पट्टीवर सगळं बेरजेनंच वाढतं.

फ्रान्समधले गणिताध्यापनाचे अभ्यासक गी ब्रुसो यांचं एक कोडं आहे: तुकड्यांचं एक चित्र, त्यातली ४ सेंटीमीटरची बाजू ७ सेंटीमीटर होईल असं मोठं करायचं, प्रत्येकानं एकेक तुकडा मोठा करायचा आणि शेवटी जोडायचा. मी त्यात कोल्हापूर भरलं.

कार्डशीटवर १० सेंटीमीटर रुंद, ६ सेंटीमीटर उंच असा शहराचा कच्चा नकाशा काढते. त्याचे तीन तुकडे. वर डावीकडे ४ बाय ४ चा तुकडा, त्यात रंकाळ्याचा काठ. वर उजवीकडे ६ रुंद, ४ उंच, त्यात अंबाबाईचं देऊळ आणि बिंदू चौक. खाली आडवी पट्टी, १० रुंद आणि २ उंच, शहराचा दक्षिणेकडचा भाग. वरच्या दोन्ही तुकड्यांतून एकेक रस्ता खालच्या पट्टीत उतरतो, हे मुद्दाम, जोडताना रस्ते जुळतात का ते दिसावं म्हणून.

तीन-तीन जणांचे गट. सूचना एकच: ४ सेंटीमीटरची बाजू ७ ची झाली पाहिजे, आणि आपला तुकडा आपल्या जागी बसून करायचा, दुसऱ्याचा बघायचा नाही. ही शेवटची अट सोडू नका. एका वर्षी मी त्यांना एकत्र बसू दिलं, तर हुशार मुलानं सगळ्यांचे आकडे सांगून टाकले आणि कोडं पाच मिनिटांत मेलं.

बहुतेक गट काय करतात सांगायला नको. ४ चे ७ म्हणजे तीन वाढले, मग सगळ्याच बाजूंना तीन. रंकाळा ७ बाय ७. देवळाचा तुकडा ९ बाय ७. खालची पट्टी १३ बाय ५. कात्री चालते, मग जोडणी.

वरच्या दोन तुकड्यांची रुंदी १६, खालच्या पट्टीची १३. पट्टी तीन सेंटीमीटर आखूड. रस्ते तुटलेले. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "ए, तू नीट कापलं नाहीस." भांडण होऊ द्यावं. मुलं फूटपट्टीनं मोजतात, प्रत्येकाचं माप त्याच्या हिशोबानं बरोबर निघतं, आणि मग भांडायला कुणी उरत नाही. चूक कापण्यात नसून नियमात आहे हे बाईंनी सांगण्यापेक्षा कार्डशीटनं सांगितलेलं बरं.

आता पट्टीच्या उंचीकडे बघायला सांगते. आधी ती १० ला २, बारीक फितीसारखी. आता १३ ला ५, पाटीसारखी. "मोठी झाली की जाड झाली?"

आणि तीन सेंटीमीटरच का कमी पडले? इथं पातेली आठवतात. वर दोन तुकडे, म्हणून वाढ दोनदा, सहा सेंटीमीटर. खाली एकच तुकडा, वाढ एकदा, तीन. "बाई, पाहुणा!" हे वर्गातून आलं तर समजावं की पाककृती आणि नकाशा मुलाच्या डोक्यात एकमेकांना भेटले. नाही आलं तर मी स्वतः सांगत नाही, दोन पातेल्यांचं चित्र फळ्यावर काढून गप्प उभी राहते.

बरोबर मापं मुलं साधारण अशी शोधतात. ४ चे ७, तर २ चे साडेतीन. ६ म्हणजे ४ आणि २, म्हणून ७ आणि साडेतीन, साडेदहा. १० म्हणजे ४, ४ आणि २, म्हणून साडेसतरा. वर ७ आणि १०.५ मिळून १७.५, खाली १७.५. बसलं. पट्टीची उंची ३.५. बघा, यात बेरीज आहेच! तुकडे जोडण्यासाठी बेरीज करायची, मोठं करण्यासाठी नाही. "बेरीज करू नका" असं वर्गात कधीही म्हणू नये, नाहीतर मूल ही सुंदर वाटही सोडून देतं.

पटीचा आकडा पावणेदोन. आपल्या आज्या-पणज्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दीडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत, साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. ते पाठांतर परत आणावं असं मी म्हणत नाही. पण सव्वापट, दीडपट, अडीचपट हे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत आणि वर्गात मात्र दुप्पट-तिप्पटच ऐकू येतं. मुलाला पट म्हणजे पूर्ण संख्याच असं वाटतं, आणि दुप्पट बसत नाही म्हटल्यावर ते बेरजेकडे वळतं. म्हणून मी नकाशाच्या आठवड्यात हे शब्द मुद्दाम वापरते. पोळीपासून पगारापर्यंत कशालाही दीडपट म्हणता येतं.

प्रमाणाची रेषा आणि झेरॉक्स

हे थोडक्यात. माझ्या कच्च्या नकाशावर १ सेंटीमीटरला १७५ मीटर असं शब्दप्रमाण मी लिहिते. मोठ्या नकाशावर १ सेंटीमीटरला किती? ज्यांना आत्ताच पावणेदोनपट कळली ते उत्साहात गुणतात आणि तीनशेच्या पुढं जातात. खरं उत्तर १०० मीटर. कागद मोठा झाला, शहर तेवढंच राहिलं, म्हणून एका सेंटीमीटरच्या वाट्याला कमी जमीन येते. भूगोलाच्या तासाला मुलं शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण ही तीन नावं पाठ करतात. नकाशा झेरॉक्सवर मोठा केला की पहिली दोन खोटी पडतात आणि रेषाप्रमाण खरं राहतं, कारण रेषाही नकाशाबरोबर वाढते. पुढच्या तासाला नकाशाची झेरॉक्स आणून हे दाखवलं तर भूगोलाचे सरही खूश होतात.

उपाय जास्त लागू पडला तर

या सगळ्यानंतर एक नवाच त्रास सुरू होतो. मुलं दिसेल तिथं गुणतात. त्यांनी नियम बदलला, पण विचार करणं सुरू केलं नाही असा त्याचा अर्थ. म्हणून शेवटच्या तासाला मी दोन उदाहरणं शेजारी-शेजारी देते, आकडे तंतोतंत तेच.

एक: ६ माणसांना ९ चमचे, चव तीच, तर १० माणसांना किती?

दोन: ताई आणि धाकटी मैदानाला एकाच वेगानं फेऱ्या मारतात. ताईनं आधी सुरुवात केली. धाकटीच्या ६ फेऱ्या झाल्या तेव्हा ताईच्या ९ झाल्या होत्या. धाकटीच्या १० होतील तेव्हा ताईच्या किती?

दुसऱ्याचं उत्तर १३. पूर्ण वर्गानं आठवडाभर ज्या तेराची टर उडवली तोच तेरा. इथं वेग सारखा असल्यानं तीन फेऱ्यांचं अंतर कायम राहतं, ते पटीनं वाढत नाही. जे मूल दोन्हीकडे १५ लिहितं त्याच्यासाठी उपाय नव्यानं सुरू करायचा नाही, फक्त विचारायचं: धाकटीनं सुरुवात केली तेव्हा, म्हणजे तिच्या शून्य फेऱ्यांना, ताईच्या किती झाल्या होत्या? तीन. आणि या तीन खऱ्या आहेत का? हो, ती आधीच पळत होती.

तोच शून्याचा प्रश्न दोन्हीकडे चालतो. रश्श्यात शून्याला तीन चमचे हास्यास्पद, मैदानावर शून्याला तीन फेऱ्या अगदी खऱ्या. रिक्षाचं भाडंही मी कधी कधी घेते, कारण तिथं बसल्याबरोबर किमान भाडं लागतं, म्हणून दुप्पट अंतराला दुप्पट भाडं होत नाही. पण तिथं मुलांची आपसात मीटर आणि शेअर रिक्षावरून चर्चा सुरू होते आणि तास हातातून जातो, म्हणून वेळ असेल तरच.

यंदा या दोन उदाहरणांचे कागद तपासताना एका मुलाचं उत्तर सापडलं. पहिल्याला १५, दुसऱ्याला १३, आणि दुसऱ्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात: "इथं पाहुणा आलाय."